उत्तर : धैर्य आणि अचूकता

> "ज्येष्ठ संपादकांनी प्रेस क्लबच्या भाषणात धैर्याइतकाच भर अचूकतेवर का दिला? छोट्या गावात धैर्यच दुर्मीळ असते ना?"

छोट्या गावात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असे मला वाटते. समजा, 600 मीटर रस्त्याचे बिल निघाले आणि प्रत्यक्षात 400 मीटरच रस्ता झाला, अशी बातमी हाती आली. बिलाच्या प्रतीवरून तेवढ्या कामाचे बिल निघाले एवढेच सिद्ध होते. काम अपुरे आहे हे सांगण्यासाठी मोजमाप पुस्तिकेतील नोंद पाहावी लागते, कामाची सुरुवात आणि शेवट कोठे धरला आहे हे तपासावे लागते आणि साक्षीदारासमोर टेप लावून स्वतः मोजावे लागते. कित्येकदा उरलेले 200 मीटर शेजारच्या गल्लीत निघतात!

खरे धैर्य लागते ते यानंतर, म्हणजे रोज समोर भेटणाऱ्या ठेकेदाराला छापण्यापूर्वी नेमका आरोप सांगून त्याचे म्हणणे घेताना. त्या फोननंतर जाहिरात बंद होण्याची धमकी येऊ शकते, म्हणून अनेक जण तो टाळतात आणि मथळ्यात सरळ ‘भ्रष्टाचार’ लिहून मोकळे होतात. हेतू सिद्ध झालेला नसतो, मोजणीतील तफावत मात्र सिद्ध असते. मथळ्यात तेवढीच यावी.