चोपण जमिनीचे टिपण : सरांचे वाक्य ठेवावे की आपले लिहावे?

विद्यार्थिनी, कृषी पदवी द्वितीय वर्ष, परभणी

तासाला सरांनी सांगितलेले मी जसेच्या तसे उतरवून घेतले : "संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास जमीन क्षारयुक्त, वाहकता ४ पेक्षा कमी, सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि सामू ८.५ पेक्षा जास्त असल्यास चोपण. वाहकता व सोडियम दोन्ही जास्त असल्यास क्षारयुक्त-चोपण." रात्री वाचताना यातले मला काहीच उमगेना, म्हणून शेजारच्या पानावर मी माझ्या भाषेत लिहिले :

"चिकणमाती = वहीची पाने. पानांवर ऋण भार. मधे कॅल्शियम असेल तर दोन हातांनी धरतो, पाने जवळ. सोडियमला एकच हात, शिवाय अंगावर पाण्याचा जाड थर, म्हणून पाने लांब → भिजली की सुटी होतात, बारीक छिद्रे बुजतात, पाणी वर तुंबते. क्षार : ४ च्या वर, धुवा. चोपण : १५ च्या वर, जिप्सम. दोन्ही असेल तर दोन्ही करा."

मैत्रीण म्हणते की परीक्षेत असे लिहिले तर गुण जातील. हे पान ठेवावे की फाडून टाकावे?

स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, लातूर

ताई, पान फाडू नका, पण उत्तरपत्रिकेत त्यातले एकही वाक्य लिहू नका. मी याच विषयात पदवी घेतली आहे आणि दोन वर्षे अशाच "हात" आणि "पाने" असलेल्या वह्यांवरून अभ्यास केला. विषय समजल्याचे समाधान मिळे, पण लिहायला बसलो की शास्त्रीय शब्द आठवत नसत आणि तपासणारा शोधतो ते नेमके तेच शब्द. व्याख्येतला प्रत्येक शब्द कोणीतरी विचार करून ठेवलेला असतो. तो कशासाठी ठेवला आहे हे आपल्याला कळत नाही, म्हणूनच तो गाळण्याचा अधिकारही आपल्याला नसतो. आपल्या टिपणात "संपृक्त मातीचा अर्क" हे शब्द राहिलेले नाहीत. तेवढ्या एका गोष्टीसाठीही मी मूळ वाक्य पाठ केले असते.

निवृत्त प्राध्यापक, मृदाशास्त्र

वरील उमेदवाराने दोष अचूक दाखवला आहे, पण त्यावरचा उपाय मला पटत नाही. मी बत्तीस वर्षे वह्या तपासल्या. मूळ वाक्य पाठ असलेल्या मुलांना मी विचारत असे की क्षारयुक्त-चोपण जमिनीला नुसते चांगले पाणी दिले तर काय होईल, आणि बहुतेक जण गप्प राहत. या मुलीच्या पानावरून त्या प्रश्नाचे उत्तर काढता येते, सरांच्या वाक्यावरून काढता येत नाही. म्हणून या पानाकडे मी गांभीर्याने पाहतो आणि त्यातल्या चुकाही तितक्याच गांभीर्याने सांगतो.

पहिली चूक "पाण्याचा जाड थर" ही आहे. ती अनेक पुस्तकांतून चालत आली आहे, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. प्रत्यक्षात कॅल्शियमच आपल्याभोवती पाणी अधिक घट्ट धरून ठेवतो. फरक पडतो तो भाराने. सोडियमचा भार एकच असल्यामुळे पानावरचा तेवढाच ऋण भार फेडायला त्याचे दुप्पट कण लागतात, आणि ते पानाला चिकटून न राहता आजूबाजूच्या पाण्यात ढगासारखे लांबवर पसरतात. शेजारच्या दोन पानांचे असे ढग एकमेकांना दूर लोटतात. कॅल्शियम असताना पाने थोडी फुगतात आणि तिथेच थांबतात. सोडियम असताना ती थांबत नाहीत, पुढे जाऊन सुटी होतात. तुमची "दोन हात" ही कल्पना खुशाल ठेवा, "जाड थर" तेवढा खोडा.

दुसरी चूक लहान दिसते, पण शेत बिघडवते. "दोन्ही असेल तर दोन्ही करा" या वाक्यात आधी काय आणि नंतर काय, हे कुठेच नाही. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेले क्षार भरपूर असतील, तर ते त्या सोडियमच्या ढगाला दाबून ठेवतात आणि सोडियम असूनही पाने एकत्र राहतात. अशा जमिनीतून आपण आधी क्षार धुऊन काढले, तर दाब निघून जातो, पानांवरचा सोडियम मात्र तिथेच राहतो. सामू चढतो, माती विरघळल्यासारखी होते आणि छिद्रे बुजतात. त्यानंतर टाकलेल्या जिप्समला खाली न्यायलाही पाणी मुरत नाही. म्हणून आधी निचऱ्याची सोय, मग सोडियमच्या जागी कॅल्शियम देणारे जिप्सम मातीत मिसळणे, आणि त्यानंतर पाणी देऊन धुणे, हाच क्रम आहे.

शेतकरी, पाथरी तालुका

सर, आपण लिहिले ते माझ्याच रानात झाले आहे, म्हणून मधेच लिहितो. आमचे रान जायकवाडीच्या कालव्याखाली आहे, काळी भारी जमीन आहे आणि बरीच वर्षे ऊस घेतला. उन्हाळ्यात वर पांढरी पापडी येऊ लागली, तेव्हा एकाने सांगितले की भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढा. मी दोन पाळ्या वाफे तुडुंब भरले. पापडी गेली, म्हणून मला आनंद झाला. पण पुढच्या पावसात त्याच जागी आठ-आठ दिवस पाणी उभे राहिले, वाळल्यावर ढेकूळ कुदळीने फुटेना आणि हरभरा उगवलाच नाही. मुलीच्या वहीतले मला सगळे कळत नाही, पण "पाणी वर तुंबते" हे वाक्य वाचताच कळले. आता एकरी किती पोती जिप्सम टाकू, एवढे सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, मृदाशास्त्र

दादा, पोत्यांचा आकडा मी इथून सांगणार नाही, कारण तो तुमच्या मातीत किती सोडियम काढायचा आहे यावर ठरतो. एक अंदाज देतो. शंभर ग्रॅम मातीतला एक मिलितुल्यांक सोडियम हटवायला ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. वरच्या पंधरा सेंटिमीटर थराच्या हिशेबाने ते हेक्टरी साधारण १.९ टन होते. असे दोन मिलितुल्यांक काढायचे की पाच, हे माती तपासल्याशिवाय कळत नाही आणि खर्चात त्याने दुपटीहून जास्त फरक पडतो. त्याआधी एक पाहा : रानातून निघालेले पाणी जाण्यासाठी खाली चर किंवा नाला आहे का? तो नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच राहील आणि जिप्समचे पैसे मातीत जातील.

तोपर्यंत घरी एक परीक्षा करा. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी घ्या, बोअरचे घेऊ नका. वाळलेला, बोराएवढा खडा त्यात अलगद सोडा आणि पेला न हलवता काही तास ठेवा. खडा ढासळून खाली ढीग झाला आणि वरचे पाणी नितळ राहिले, तर ते निव्वळ ढासळणे आहे, काळ्या मातीत ते नेहमी होते. खड्याभोवती दुधासारखे वलय पसरत गेले आणि पाणी गढूळच राहिले, तर मात्र सोडियमचा संशय घ्या. बोअरच्या खारट पाण्यात हाच खडा टाकला तर पाणी नितळ राहू शकते, आणि त्याचे कारण मी वर मुलीला सांगितलेला क्षारांचा दाब हेच आहे.

माती तपासणी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, नांदेड

लातूरच्या उमेदवाराने "संपृक्त अर्क" या शब्दांचा उल्लेख केला, त्यामागचे कारण कोणी सांगितले नाही. ते आमच्या रोजच्या कामातले आहे, म्हणून सांगतो. आम्ही बहुतेक नमुन्यांची वाहकता एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा मिश्रणात मोजतो. शंभर ग्रॅम काळी माती संपृक्त होताना समजा सत्तर ग्रॅम पाणी घेते. आमच्या चंचुपात्रात त्याच मातीसाठी अडीचशे ग्रॅम पाणी असते. म्हणजे तेच क्षार साडेतीन पट पाण्यात पसरतात आणि आकडा तितका खाली येतो. परवा एका विद्यार्थ्याने आमच्या अहवालातला १.६ हा आकडा पाहून "४ पेक्षा कमी, म्हणजे क्षार नाहीत" असे ठरवले. साडेतीनने गुणले तर तोच आकडा ५.६ होतो. हा गुणाकार ढोबळ आहे, कारण मातीत आधीच जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते जास्त विरघळते आणि अंदाज फुगतो. पण जमीन कोणत्या गटात पडते, हे त्या दोन शब्दांवर बदलते. वहीत ४ लिहायचा असेल, तर तो कोणत्या पाण्यातला आहे हे त्याच्या अंगालाच लिहा.

स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, लातूर

नेमके हेच मी म्हणत होतो. आपल्या शब्दांत लिहिताना जे गळते ते आपल्याला गळताना दिसत नाही. तिला इथे विचारायला मिळाले म्हणून कळले. वसतिगृहात एकटी असती तर हेच पान घेऊन ती शेतकऱ्याला सल्ला द्यायला गेली असती.

निवृत्त प्राध्यापक, मृदाशास्त्र

गळते हे मान्य, पण पाठ केलेल्या वाक्यातही ते शब्द नुसते पडून असतात. तो विद्यार्थी १.६ पाहून फसला, तेव्हा त्याला व्याख्या येत नव्हती असे मी मानत नाही. ती येत असूनही त्याने आकडा तिच्याशी ताडून पाहिला नाही. माझा आग्रह असा आहे की कारणे आपल्या भाषेत लिहावीत, पण मोजण्याची पद्धत आणि कामाचा क्रम मूळ शब्दांत त्याच पानावर ठेवावा. मूळ उतरवलेले पान शेजारी असणे मला महत्त्वाचे वाटते. या मुलीने ते ठेवले होते, म्हणूनच चुका शोधता आल्या.

विद्यार्थिनी, परभणी

सर्वांचे मनापासून आभार. पान फाडलेले नाही, त्यावरच खाडाखोड करून आता असे झाले आहे :

"कॅल्शियम दोन हातांनी → पाने थोडी फुगून थांबतात. सोडियम एक हात, दुप्पट कण, ढग लांबवर → पाने थांबत नाहीत, सुटतात. पाण्यात क्षार खूप = ढग दाबलेला, दोष झाकलेला!! ४ = संपृक्त अर्कातले (१:२.५ मधले नव्हे, अहवालावर पद्धत पाहा). क्षार : निचरा → धुवा. चोपण व दोन्ही : निचरा → जिप्सम → मग धुवा. उलटे केले तर पाथरीच्या काकांचे रान."

आज वसतिगृहामागच्या मातीचा खडा पेल्यात टाकला होता. तो ढासळला, पाणी नितळ राहिले. पण एक शंका उरली आहे. सरांनी तासाला जाता जाता म्हटले होते की काळ्या जमिनीत सोडियम १५ टक्क्यांच्या बराच खाली असतानाही निचरा बिघडू शकतो, आणि ते मी उतरवून घेतलेल्या व्याख्येत कुठेच नाही. मग उत्तरपत्रिकेत १५ लिहायचे आणि शेतावर दुसरेच धरायचे का?

स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, लातूर

उत्तरपत्रिकेत १५च लिहा.

निवृत्त प्राध्यापक, मृदाशास्त्र

१५ लिहा, आणि त्याखाली एका ओळीत लिहा की फुगणाऱ्या चिकणमातीत ही मर्यादा खाली येते, कारण तिथे पाने मुळातच जास्त आणि पातळ आहेत. मी तपासणारा असतो तर त्या ओळीला गुण दिले असते. सगळे देतील असे मी म्हणू शकत नाही.

शेतकरी, पाथरी तालुका

सर, खालच्या अंगाला नाला आहे, पण मधे शेजाऱ्याचा बांध येतो. पेल्यातला खडा सकाळी टाकला होता; संध्याकाळपर्यंत पाणी ताकासारखे पांढरट आहे. उद्या नमुना घेऊन तपासणीला निघतो.