पूर ओसरेपर्यंत ग्राहकांना काय कळवावे?

«पर्लकोटेला पूर येऊन आलापल्ली–भामरागड वाहतूक बंद आहे. किराणा दुकानदारांचा माल आलापल्लीच्या गोदामात अडकला आहे. त्यांना नेमके काय लिहावे?»

पत्रात पोहोचण्याची तारीख देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मागे एका पुरात मी ‘परवा नक्की’ असे लिहिले, त्याच रात्री पाणी पुन्हा पुलावर आले आणि पुढच्या पत्रावर कोणी विश्वास ठेवला नाही. वचन तारखेशी नव्हे, तर रस्त्याशी जोडावे. मी असे लिहितो:

«पुरामुळे आपला माल आमच्या गोदामात सुरक्षित, कोरडा ठेवला आहे. पूल जड वाहनांसाठी खुला झाल्यापासून 48 तासांत तो आपणांस मिळेल. पहिल्या फेरीत तांदूळ, डाळ, मीठ आणि तेल येईल, उर्वरित माल दुसऱ्या फेरीत. उधारीची मुदत माल हाती आल्याच्या दिवसापासून मोजली जाईल. रोज सायंकाळी 6 वाजता स्थिती कळवू.»

‘जड वाहनांसाठी’ हे शब्द गाळू नका, कारण पाणी उतरल्यावर दुचाकी आधी सुटतात आणि पुलाची तपासणी होईपर्यंत ट्रक थांबतात. दुकानदाराला मात्र रस्ता सुरू झालेला दिसतो आणि तो तुम्हाला खोटे ठरवतो. वीज गेली की मोबाईलचे टॉवरही बंद पडतात, म्हणून नदी चढू लागताच पहिला संदेश पाठवावा. मोठ्या ग्राहकाशी लेखी करार असल्यास त्यातील नैसर्गिक आपत्तीचे कलम आधी वाचावे. लेखी सूचनेची मुदत बहुधा तिथेच दिलेली असते आणि ती चुकल्यास विलंबाचा दंड आपल्या माथी येऊ शकतो.