मदत हवी आहे: बिल्डरच्या करारनाम्यातील चटईक्षेत्र, ताबा, विलंब आणि हप्ते यांचा अर्थ समजून घ्यायचा आहे

चौथामजला

नमस्कार. पुण्याच्या पश्चिम भागात बांधकाम सुरू असलेल्या एका बारा मजली इमारतीत आम्ही दोन शयनगृहांची सदनिका आरक्षित केली आहे. ठरलेली किंमत 72 लाख रुपये असून त्यापैकी 10 टक्के रक्कम भरून झाली आहे. बिल्डरने आता नोंदणीपूर्वी वाचण्यासाठी करारनाम्याचा मसुदा पाठवला आहे आणि आठ दिवसांत संमती कळवावी असे म्हटले आहे. मसुदा दोनदा वाचूनही चार ठिकाणी मला नीट उलगडा झालेला नाही.

माहितीपत्रकात 732 चौरस फूट कार्पेट लिहिले होते, मसुद्यात मात्र "रेरा चटईक्षेत्र 61.20 चौरस मीटर, बंदिस्त बाल्कनी 4.10, खुली बाल्कनी 2.70" असे तीन वेगवेगळे आकडे आहेत आणि क्षेत्रफळात 5 टक्क्यांपर्यंत फरक पडल्यास खरेदीदाराची तक्रार राहणार नाही, असे पुढे म्हटले आहे. ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2027 दिली आहे, परंतु तिच्यापुढे "अधिक 12 महिने सवलत" आणि "मजूर, सिमेंट, लोखंड यांची टंचाई किंवा बिल्डरच्या नियंत्रणाबाहेरील इतर कोणतेही कारण" अशी जोड आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख 31 डिसेंबर 2028 दिसते. ताब्यास उशीर झाल्यास बिल्डर दरमहा प्रति चौरस फूट 5 रुपये देणार, आणि माझा हप्ता चुकला तर मी वार्षिक 18 टक्के व्याज देणार. हप्त्यांची वाटणी अशी आहे: आरक्षण 10, करार 20, जोते 20, बारा स्लॅब प्रत्येकी 3, गिलावा 4, फरशी 4, लिफ्ट 3 आणि ताबा 3 टक्के.

यात नेहमीचे काय आणि आक्षेप घेण्याजोगे काय, हे जाणकारांनी सांगावे.

वाकडकर

आमच्या करारातही असेच सवलतीचे वर्ष होते. अनुभवाचे बोल सांगतो: एकदा सही झाली की कागदावर जे असेल तेच खरे. पाच रुपये लिहिले असतील तर पाचच मिळतात. म्हणून आकडा वाढवून घ्या, पंधरा-वीस रुपये मागा.

टिळकरोड

मी तीस वर्षे बांधकामांच्या हिशेबाचे काम केले आहे, वकील नाही. तरीही या चारही बाबी रोजच्या पाहण्यातल्या असल्याने सविस्तर लिहितो.

क्षेत्रफळाचे कोडे सोपे आहे. तुमचे तिन्ही आकडे मिळवले तर 68.00 चौरस मीटर होतात, म्हणजेच 732 चौरस फूट. माहितीपत्रकातला "कार्पेट" हाच होता. रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि फक्त तुमच्या वापराच्या बाल्कन्या वगळल्या जातात. त्यामुळे कायद्याने तुमचे चटईक्षेत्र 61.20 चौरस मीटर, सुमारे 659 चौरस फूट आहे. 732 ने भागले तर भाव साधारण 9,840 रुपये पडतो आणि 659 ने भागले तर साधारण 10,900. शेजारच्या प्रकल्पाशी तुलना करताना दुसराच भाव वापरावा, नाहीतर बाल्कनी मोठी असलेले घर उगाचच स्वस्त वाटू लागते. 5 टक्क्यांचे वाक्य मात्र काढून घ्यावे. महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांसोबतच्या नमुना करारात फरकाची मर्यादा 3 टक्के आहे, आणि त्यापलीकडे क्षेत्र कमी भरले तर जादा घेतलेले पैसे बिल्डरने 45 दिवसांत व्याजासह परत करायचे असतात. तुमच्या मसुद्याप्रमाणे तीन चौरस मीटरपर्यंत, म्हणजे आजच्या भावाने साडेतीन लाखांहून अधिक किमतीची जागा कमी मिळाली तरी तुम्हाला बोलता येणार नाही.

वाकडकर म्हणतात ते तारखेबाबत बरेचसे खरे आहे, पाच रुपयांबाबत नाही. रेरा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ताबा लांबला आणि तुम्ही प्रकल्पातच राहणार असाल, तर भरलेल्या रकमेवर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचे व्याज मिळते. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत दर, अधिक 2 टक्के असा आहे. हिशेबापुरता तो 11 टक्के धरू. ताबा रखडला त्या वेळी तुम्ही 70 टक्के, म्हणजे 50 लाख 40 हजार भरले असतील, तर महिन्याचे व्याज 46,200 रुपये होते. पाच रुपयांच्या कलमाने 659 चौरस फुटांचे 3,295 रुपये होतात. घरभाडे सोडा, त्यात देखभाल खर्चही निघणार नाही. वीस रुपये मागून काय मिळेल? रुपयांचे कलम पूर्ण काढून तिथे कलम 18 प्रमाणे व्याज, एवढेच लिहायला लावा. व्याजाच्या व्याख्येतच दोन्ही बाजूंना दर सारखा असावा असे असल्याने तुमच्यावरचे 18 टक्केही त्याच दरावर आणावे लागतील.

वाकडकर

पण सही केल्यावर "मला मान्य नव्हते" असे कसे म्हणणार? आम्हाला तर बिल्डरच्या वकिलाने तेच ऐकवले.

टिळकरोड

ऐकवणारच. बिल्डरने छापून आणलेला, एकतर्फी कलमांचा करार खरेदीदारावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ग्राहक कायद्याखालील एका प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे तुमची बाजूही पूर्ण गेलेली नाही. मात्र तक्रार करावी लागते, आणि व्याजाचा आदेश मिळाल्यावरही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीला फार वेळ लागतो. म्हणून कलम आत्ताच दुरुस्त करून घेणे स्वस्त पडते.

मोहर_नागपूर

आम्ही पुनर्विक्रीची सदनिका घेतली तेव्हा पन्नास लाखांवर किंमत असल्याने 1 टक्का टीडीएस आम्हालाच भरावा लागला होता. तुम्हीही तो विसरू नका. शिवाय सोसायटीचे ना-हरकत पत्र मागून घ्या, त्यावाचून आमचे तीन महिने अडले होते.

चौथामजला

आभारी आहे. टीडीएसचे लक्षात ठेवते. सोसायटी अजून स्थापनच झालेली नसल्याने ना-हरकत पत्राचा प्रश्न आमच्याकडे येणार नाही. टिळकरोड, तारखेविषयी तुमचे मत राहिले.

टिळकरोड

तारीख आणि सवलत एकत्र वाचा. 31 डिसेंबर 2027 मध्ये 12 महिने मिळवले की बरोबर महारेरावरची 31 डिसेंबर 2028 येते. सवलत अंदाजाने टाकलेली नाही. विक्रीसाठी एक तारीख आणि स्वतःसाठी दुसरी, असा तो प्रकार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रियल्टर्सच्या निकालात स्पष्ट केले, की प्रकल्प नोंदवताना बिल्डरने नवी तारीख दिली तरी करारातली ताब्याची तारीख त्यामुळे बदलत नाही. म्हणजे विलंब करारातल्या तारखेपासून मोजायचा; पण तुमच्या करारातच सवलतीचे वर्ष असेल तर बिल्डर ते पुढे करणार, आणि ते मान्य होईल की नाही हे प्रकरणागणिक बदलताना मी पाहिले आहे. नमुना करारात युद्ध, नागरी अशांतता, नैसर्गिक आपत्ती आणि सरकारी किंवा न्यायालयीन आदेश यांमुळेच वाजवी मुदतवाढ आहे. सिमेंट-लोखंडाची टंचाई आणि "इतर कोणतेही कारण" हे त्यात नाही. ते शब्द खोडून घ्या.

आणखी एक पाहा: ताबा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेची परवानगी, मिळाल्यानंतरचा ताबा, असे लिहिले आहे का? काही ठिकाणी "अंतर्गत कामासाठी ताबा" म्हणून आधीच किल्ली देतात, घड्याळ थांबवतात आणि भोगवटा पुढे दीड वर्ष येत नाही.

कर्जविभाग

मी गृहकर्जाच्या कामात असते. हप्त्यांबद्दल सांगते, कारण खरी अडचण तिथे आहे. नमुना करारात जोते झाल्यावर एकूण 45 टक्के आणि सर्व स्लॅब झाल्यावर 70 टक्क्यांपर्यंत घेता येतात. तुमच्या मसुद्यात जोत्याला 50 आणि बाराव्या स्लॅबला 86 टक्के होतात. फरक 16 टक्के, म्हणजे 11 लाख 52 हजार रुपये.

स्लॅब वेगाने पडतात, सांगाडा डोळ्यांना मोठा दिसतो आणि मागणीपत्रे भराभर येतात. काम रखडते ते नंतर: गिलावा, नळजोडणी, लिफ्ट, बाहेरची कामे. त्या टप्प्याला बिल्डरला तुमच्याकडून फक्त 14 टक्के येणे उरलेले असते, आणि तुमचा मात्र जवळजवळ पूर्ण कर्जावर हप्ता किंवा पूर्वहप्ता, म्हणजे पूर्ण हप्ता सुरू होण्याआधीचे नुसते व्याज, चालू असते. शेवटी हातात 5 टक्के ठेवायचे असतात, तुमच्याकडे 3 आहेत. 3 लाख 60 हजारांऐवजी 2 लाख 16 हजार. भोगवटा आणि किरकोळ दुरुस्त्या होईपर्यंत तुमच्याकडे वजन म्हणून एवढेच असते.

बँक पैसे सोडते ते करारातल्या टप्प्याप्रमाणे. आमचा माणूस जागेवर जाऊन स्लॅब झाला की नाही पाहतो. टप्पा वाजवी होता का, हे तो पाहत नाही. मागणीपत्रासोबत वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र मागा आणि महारेरावरच्या तिमाही माहितीशी ताडून पाहा.

बांधकामवाला

दुसरी बाजूही असावी. मी लहान विकसक आहे. 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती कामाच्या प्रमाणातच काढता येते, त्यामुळे आगाऊ घेतलेला पैसा उधळला जातो असे नाही. बारा मजल्यांच्या सांगाड्याला खर्चही मोठा येतो. तरीही 86 टक्के मलाही जास्त वाटतात, आणि मी स्वतः असे कलम छापणार नाही. बंदिस्त बाल्कनी चटईक्षेत्रात धरावी की नाही यावर मात्र टिळकरोड यांच्याइतका मी निश्चिंत नाही. मंजूर नकाशात ती खोलीचा भाग म्हणून दाखवली असेल तर आमच्याकडचे वास्तुविशारद वेगवेगळे मोजतात.

टिळकरोड

हे खरे आहे, यावर मलाही एकच उत्तर मिळालेले नाही. मंजूर नकाशाची प्रत मागून ती बाल्कनी कशी दाखवली आहे ते पाहावे लागेल.

चौथामजला

काल बिल्डरच्या कार्यालयात जाऊन आले. महारेराच्या संकेतस्थळावर याच प्रकल्पासाठी त्यांनी भरलेला नमुना करार छापून नेला होता. त्यात फरकाची मर्यादा 3 टक्के आणि विलंबासाठी कायद्याप्रमाणे व्याज असेच लिहिले होते. आमच्या मसुद्यात ते बदलले गेले होते. ते दाखवल्यावर क्षेत्रफळाचे वाक्य आणि पाच रुपयांचे कलम काढायला ते लगेच तयार झाले, आणि 18 टक्केही त्याच दरावर आणतो म्हणाले.

तारखेवर मात्र अडले. 31 डिसेंबर 2028, सवलतीशिवाय, असे लिहून देतो म्हणतात, 2027 मान्य नाही. मला हेच बरे वाटते. भाड्याच्या घराचा करार त्या हिशेबाने वाढवता येईल. स्लॅबसाठी 3 टक्क्यांऐवजी 2 टक्के करून उरलेले 12 टक्के नंतरच्या कामांकडे वळवण्याची तयारी दाखवली आहे. म्हणजे स्लॅब झाल्यावर 74 होतात. ताब्याचे 3 टक्के 5 करण्याविषयी सोमवारी कळवणार आहेत. नकाशाची प्रत अजून मिळालेली नाही.

कर्जविभाग

जोत्याचे 20 पंधरा करून घेतलेत तर स्लॅबअखेर 69 होतील. सोमवारी तेही मागा. आणि नकाशा हाती येईपर्यंत नोंदणीची वेळ घेऊ नका.