‘स्टेज करणे’ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल, धरमपेठ: ऑफिसातल्या नव्या मुलांसाठी गिटची मराठी टिपणं लिहून राहिली. व्हीएस कोडमध्ये फाइलमधल्या दोनच ओळी सिलेक्ट करून `Git: Stage Selected Ranges` दिलं, की सोर्स कंट्रोल पॅनेलमध्ये ती फाइल `Staged Changes`खाली दिसते. या क्रियेला ‘निवडणे’ म्हटलं तर?

पंकज, मिहान: आमच्याकडे स्टेजिंग म्हणजे ग्राहकाला दाखवायच्या आधीचा चाचणीचा सर्व्हर. त्याला आम्ही ‘तालीम’ म्हणतो.

मृणाल: तो वेगळा, पंकजभाऊ. इथे सर्व्हर कुठेच नाही, सगळं आपल्याच मशीनवर.

देशमुख काका, प्रतापनगर: ‘निवडणे’ अपुरं आहे, आणि त्यापायी आमच्या टीममधला एक मुलगा फसला होता. त्याने कराचा दर `0.12` लिहिला आणि ती ओळ स्टेज केली. मग चूक दिसली, `0.18` केलं, फाइल सेव्ह केली आणि कमिट दिला. कमिटमध्ये गेला `0.12`. ओळ निवडलीच आहे, तर तिच्यातला बदलही सोबत जाईल, असं त्याला वाटलं. पण स्टेज करताना गिट त्या क्षणीचा मजकूर उचलून ठेवतं. पुढची दुरुस्ती पुन्हा स्टेज करावी लागते. खूण पॅनेलमध्येच होती: एकच फाइल `Staged Changes` आणि `Changes` दोन्हीकडे दिसत होती. अर्थात काही ओळी मुद्दाम मागे ठेवल्या तरीही ती तशीच दिसते, म्हणून कमिटआधी वरच्या यादीतली फाइल उघडून पाहावी, किंवा टर्मिनलमध्ये:

```
git diff --staged
```

म्हणून मी ‘काढून ठेवणे’ म्हणतो. ताटात वाढून ठेवलेलं पातेल्यात मागाहून मीठ टाकल्याने बदलत नाही.

मृणाल: हे पटलं, काका. मग त्या मुलाने केलं काय?

नेहा, सदर: `0.18`ची ओळ स्टेज करून `Commit Staged (Amend)`. अमेंडला सरळ ‘दुरुस्ती’ म्हणा, घटनादुरुस्तीसारखी.

देशमुख काका: उपाय बरोबर, नेहाताई, शब्दाशी मी अडतो. जुना कमिट दुरुस्त होत नाही. त्याच्या जागी नवा बनतो, त्याचा हॅश वेगळा. त्या मुलाने आधीच पुश केलं होतं, म्हणून पुढचा पुश सर्व्हरने नाकारला. फोर्स पुश केला असता, तर त्याच ब्रँचवर काम करणाऱ्यांचा घोळ झाला असता. शेवटी त्याने वेगळा कमिट केला. मी ‘बदली कमिट’ म्हणतो.

नेहा: ‘बदली’ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर गडचिरोलीची ऑर्डर येते. मी ‘दुरुस्ती’च लिहीन, आणि खाली ‘पुश करण्याआधीच’ असं ठळक.

पंकज: आणि कमिटच्या संदेशात ‘दर दुरुस्त केला’ की ‘दर दुरुस्त कर’? इंग्रजीत आज्ञार्थ लिहितात.

मृणाल: मराठीत ‘कर’ वाचलं, की काम अजून व्हायचं आहे असं वाटतं. मी ‘केला’ लिहिते.

देशमुख काका: मी ‘कराचा दर 12 वरून 18 टक्के’ एवढंच पहिल्या ओळीत लिहितो, क्रियापदच नाही. बदलाचं कारण एक ओळ मोकळी सोडून खाली.