टॅगवरची चिन्हं आणि मजकूर जुळवून बघा
"जुना ब्रँडेड टीशर्ट घेतोय, फक्त फोटो आहेत. लेबलवरून असली की नकली ते कळेल का?"

गळ्यावरचा लोगो सोडा, तो कुणीही छापतं. आतल्या शिवणीतल्या केअर टॅगचा क्लोजअप मागा, दोन्ही बाजूंचा, आणि चिन्हं व खालचा मजकूर शेजारी ठेवून वाचा. समजा त्रिकोणावर फुली आहे म्हणजे ब्लीच नको, पण खाली ब्लीच चालेल असं लिहिलंय, किंवा टबच्या चिन्हात 30 आणि मजकुरात 40 अंश, तर मला तिथेच शंका येते. गळ्यावर 100% कॉटन आणि आत पॉलिस्टर मिक्स असेल तरी तेच. देश वेगळा दिसला म्हणून लगेच नकली म्हणू नका, एकच ब्रँड बऱ्याच देशांत शिवून घेतो, पण एकाच कपड्यावर शिवल्याचा देश म्हणून दोन वेगळी नावं नकोत. आणि सगळं जुळलं तरी खात्री नाही, सफाईदार नकली माल बनवणारे टॅगही हुबेहूब उतरवतात.