मदत हवी आहे: नवऱ्याने दिलेले पैसे आणि माझा पगार वेगळे कसे ठेवू?

मुलं मोठी झाली, त्यामुळे बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा नोकरीला लागले आहे. हातात २८,००० रुपये येतात, त्यातले १०,००० माझ्या नावावर गुंतवायचे आहेत.

घरी असताना ह्यांनी माझ्या नावावर ४ लाखांची एफडी केली होती. पैसे त्यांनी दिलेले, म्हणून त्यावरचं व्याज आयकरात त्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं. ते व्याज पुन्हा गुंतवलं तर त्यावरचं व्याज मात्र माझं! पगार आणि हे पैसे एकाच खात्यात मिसळले, तर पुढे हिशोब कोण लावणार? म्हणून पगाराचं खातं फक्त माझ्या एकटीच्या नावावर ठेवलंय.

एफडी आता मुदत संपून मोकळी होतेय. ती दरवर्षी दीड लाख अशी माझ्या पीपीएफमध्ये वळवावी म्हणते. त्याचं व्याज करमुक्त, म्हणजे ह्यांच्या उत्पन्नात धरलं तरी कर नाही. पण १५ वर्षं पैसे अडकतात आणि मी ४१ची आहे. पगारातून एसआयपी करावी, की आधी सहा महिन्यांच्या खर्चाची सोय? कुणी असं केलंय का?