जुना फोटो वर काढणारे मित्र आणि मागून येणारे अनोळखी: तुमचे अनुभव सांगा

रानजाई: परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपने एकाचा 2013 सालचा फेसबुक फोटो वर काढला. टाईट टीशर्ट, जेल लावलेले केस, मागे कुणाची तरी बुलेट. दुपारपर्यंत खाली जत्रा भरली आणि संध्याकाळी न ओळखणारेही त्यात शिरले. तुमच्या फोटोखाली असं कधी झालंय का? मित्रांची मस्करी, ज्याला हल्ली रोस्ट म्हणतात, ती कुठवर होती आणि बाहेरचे कुठून आले, तेही लिहा.

माणदेशी_मुलगा: आमच्याकडे हा उद्योग 2017-18 ला जोरात होता. फेसबुकवर कुणी जुन्या फोटोवर कमेंट केली की तो फोटो मित्रांच्या फीडमध्ये पुन्हा वर येतो. बस, एवढ्या भांडवलावर रात्रभर कार्यक्रम! माझा नदीवरचा फोटो होता, गॉगल घातलेला. चुलतभावाने लिहिलं, "तालुक्याची शान, पोरींच्या काळजाचा ठोका, गॉगल उधारीचा पण रुबाब स्वतःचा, भावी सरपंच, आमचे बंधू!" ही सगळी वाढदिवसाच्या फ्लेक्सची भाषा, फक्त उलटी करून वापरलेली. गॉगल त्याचाच होता, म्हणून तर हसू आलं. पुढच्याने लिहिलं, "गॉगल परत दे, मग सरपंच हो."

मग एका विनोदी पेजने स्क्रीनशॉट उचलला. तिथे गॉगल कुणाचा हे कुणाला ठाऊक? तिथल्या कमेंटी थेट माझ्या रंगावर आणि दातांवर. एकाने आडनाव वाचून जात काढली. चुलतभाऊ तिथे माझ्या बाजूने भांडायला गेला, तर ती पोस्ट आमच्या सगळ्या पाहुण्यांना दिसू लागली. त्याचा हेतू चांगला होता हो, पण झालं ते असं.

निवृत्त_लेखनिक: माझा अनुभव वेगळा आहे. सेवानिवृत्तीच्या दिवशी हार घातलेला फोटो टाकला. सकाळपर्यंत ओळीने "भावपूर्ण श्रद्धांजली". मेहुण्याने तर घाबरून फोन केला. यालाच रोस्ट म्हणतात काय?

रानजाई: काका, पहिली कमेंट कुणाची होती ते बघा. एखाद्या मित्राने मुद्दाम टाकली असेल, बाकीच्यांनी न वाचता री ओढली असेल.

निवृत्त_लेखनिक: पहिली आमच्याच ऑफिसातल्या शिपायाची आहे. त्याला विचारतो.

कोकणकडा: असल्या लोकांवर सरळ आयटी कायद्याचं कलम 66अ लावा. एका कमेंटवर आत जातात.

पेज_सांभाळणारी: 66अ सुप्रीम कोर्टाने मार्च 2015 मध्येच रद्द केलं. आता बदनामीला भारतीय न्याय संहितेचं 356 आहे, पण ते अदखलपात्र. पोलीस लगेच उचलत नाहीत. बाईच्या शीलाचा अपमान असेल तर 79 लागू शकतं. बाकी कामाचं सांगते, कारण मी दुकानांची पेजेस चालवते.

माणदेशी, तुमचा फोटो पेजच्या हाती लागला तो बहुधा 'पब्लिक' होता म्हणून. तारखेशेजारी पृथ्वीगोलाचं चिन्ह असेल तर तो कुणालाही दिसतो. सेटिंगमध्ये `Limit Past Posts` आहे. त्याने जुन्या पब्लिक पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. टॅग केलेल्यांच्या मित्रांना मात्र तरीही दिसू शकतात. आणि स्क्रीनशॉट बाहेर गेला असेल तर मूळ फोटो उडवून काही उपयोग नाही, त्या पेजवरची पोस्टच रिपोर्ट करावी लागते. आपल्या फोटोखालची कमेंट लपवण्यापेक्षा डिलीट करा. लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, त्यामुळे तिकडे गंमत चालूच असते.

इन्स्टाग्रामवर जुना फोटो असा वर येत नाही. तिथे त्रास होतो तो रील फॉलोअर नसलेल्यांपर्यंत गेल्यावर. झुंड आली की काही दिवस `Limit interactions` चालू करा, फॉलो न करणाऱ्यांच्या आणि नव्याने फॉलो केलेल्यांच्या कमेंटी दडतात.

सावळी_सई: मुलींचं वेगळं असतं. माझ्या नऊवारीतल्या फोटोवर मैत्रीण लिहिते, "जत्रेतली पाळणेवाली, दोन तिकिटं दे." मी पोट धरून हसले. त्याच फोटोखाली एक अनोळखी काका लिहून गेले, "रंगाला शोभेल असं नेसावं." ना शिवी, ना धमकी. रिपोर्ट केलं, तर नियमात बसत नाही असं उत्तर आलं. कमेंट उडवली, माणूस ब्लॉक केला, पण मैत्रिणीची ओळही आता पूर्वीसारखी गंमतीची वाटेना. तीही उडवली. ती रुसली आहे अजून.

माणदेशी_मुलगा: सई, फोटो ठेवलास का?

सावळी_सई: ठेवलाय. कमेंटी फक्त मैत्रिणींना.

कोकणकडा: मग 66अ च्या ऐवजी नवीन काहीतरी आलंच असेल की. वकिलाला विचारून टाकतो इथे.

निवृत्त_लेखनिक: शिपाई म्हणतो, त्याने "भावपूर्ण शुभेच्छा" लिहायला घेतलं होतं, कीबोर्डने पुढचा शब्द आपणच सुचवला. यावर विश्वास ठेवावा का?